वीस सेकंदांचा उंबरा

मिरजेच्या घराच्या दारात मैत्रेयी वीस सेकंद थांबायची, तेव्हा आत तिच्या बाबांच्या हातात बहुतेक वेळा भोपळा असायचा. भाजीचा नव्हे, सतारीचा. वाळवलेला, अर्धा कापलेला, पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केलेला. हर्षद चौगुले सतारी करायचे आणि लेक आली की भोपळा काखेत धरूनच दाराकडे धावायचे.

"ये की गं मैतू! दारात काय उभारलीयस?" असं ओरडायचे आणि लगेच जीभ चावायचे. दारात उभं राहायला कोर्टानंच सांगितलं होतं.

चौकटीच्या माथ्यावर हातभर लांबीची पांढरी पट्टी बसवली होती. तिच्यावरचा बारीक दिवा पिवळ्याचा हिरवा झाला की मैत्रेयीने आत यायचं. तोवर हलायचं नाही, बोलायचं नाही. अकरा वर्षांच्या मुलीला वीस सेकंद गप्प ठेवणारं यंत्र निघालं हेच मोठं नवल, असं बाबा म्हणायचे. दिवा हिरवा झाला की दप्तर एकीकडे, बूट दुसरीकडे, आणि मैत्रेयी तिसरीकडे. चहा मिळायचा, तोही कपभर. जेवणाआधी भडंग खाल्लं तरी कुणी काही म्हणायचं नाही. केस मोकळे सुटायचे, आवाज दोन पट्ट्या वर चढायचा, आणि भाषेत 'लई' आणि 'न्हवं' आपोआप येऊन बसायचे.

आई ऋतुजा सांगलीला, विश्रामबागेत चौथ्या मजल्यावर राहायची. दूध संघाच्या प्रयोगशाळेत जंतू मोजणं हे तिचं काम, त्यामुळे घरातही जंतूंची खैर नव्हती. तिथल्या दारावरही तशीच पट्टी, तसाच दिवा. पण दिवा हिरवा झाला की बूट कपाटात, हातपाय साबणाने स्वच्छ, मिरजेचे कपडे थेट धुलाई यंत्रात, कारण त्यांतून लाकडाचा भुसा गळतो. केसांची वेणी. चहाच्या जागी दूध. मैतूची पुन्हा मैत्रेयी व्हायची आणि बाबांचं 'तिकडे' व्हायचं. "तिकडे अभ्यास झाला का?" "हो." एवढ्यात शनिवार-रविवारची हकिगत संपायची.

दोन्ही घरांत तिचे दोन-दोन गणवेश, दोन-दोन दातांचे ब्रश होते. एकच होतं ते गणिताचं पुस्तक, आणि ते नेमकं नको त्या घरी राहायचं.

आई-बाबांना वेगळं होऊन दीड वर्ष झालं होतं. कुणी कुणाला मारलं नव्हतं, कुणी व्यसनी नव्हतं. दोन भली माणसं एका घरात सुखाने राहू शकत नाहीत, असं कधी कधी होतं. अंतरिम आदेशाप्रमाणे मैत्रेयी आठवडाभर आईकडे आणि शुक्रवार संध्याकाळपासून रविवार संध्याकाळपर्यंत बाबांकडे असायची. दिवाळी अर्धी-अर्धी, उन्हाळ्याची सुट्टी अर्धी-अर्धी. शुक्रवारी आई स्कूटरवरून गल्लीच्या तोंडाशी सोडायची. रविवारी बाबा सोसायटीच्या फाटकाशी सोडायचे. पुढचा रस्ता आणि दोन्ही उंबरे तिने एकटीने ओलांडायचे.

पट्टी आली ती अशी. कायमच्या ताब्याचा निर्णय व्हायचा होता. मुलाला कोर्टात विचारावं तर मूल कुणाचं तरी पढवलेलं बोलतं, आणि न विचारावं तर आई-बाप आपापलं बोलतात. म्हणून राज्यातल्या काही कुटुंब न्यायालयांनी त्या वर्षी नवा प्रयोग सुरू केला होता. मुलाच्या तोंडाला नाही, छातीला विचारायचं.

यंत्र तसं साधं होतं. पट्टीतून चार-पाच मिलिमीटर लांबीच्या रेडिओलहरी निघायच्या, कपड्यांमधून आरपार जायच्या आणि छातीवर आपटून परत यायच्या. श्वासाने छाती पाच-सात मिलिमीटर हलते. हृदयाच्या ठोक्याने जेमतेम अर्धा मिलिमीटर, कधी त्याहूनही कमी. परत आलेली लहर तेवढीच मागे-पुढे सरकलेली असते आणि त्या सरकण्यातून यंत्र श्वास आणि ठोके वेगळे काढतं. माणूस हलला की हे इवलेसे धक्के त्यात बुडून जातात, म्हणून वीस सेकंद स्तब्ध उभं राहायचं.

ठोके मिळाले की पुढचं गणित. निरोगी हृदय घड्याळासारखं टिकटिकत नाही. श्वास आत घेतला की ते जरासं धावतं, सोडला की जरासं रेंगाळतं. मन निवांत असलं की हा फरक चांगला मोठा असतो. ताण आला की तो आटतो, ठोके भराभर आणि एकसारखे पडू लागतात. घरात शिरताना मूल निवांत आहे की ताणाखाली, हे त्यावरून ठरवायचं. पट्टी रोज चालू नसायची, फक्त शुक्रवारी आणि रविवारी, मूल एका घरून दुसरीकडे जाई तेव्हाच. नोंद जाताना आणि येताना, दोन्ही वेळी व्हायची.

आठ महिने झाले आणि अहवाल आला.

अहवाल वाचून दाखवायला न्यायालयाचे समुपदेशक मगदूम सर होते. साधा, सरळ, टक्कल पडलेला माणूस. आई-बाबांना त्यांनी समोरासमोर बसवलं, मैत्रेयीला बाहेरच्या बाकावर. दार नीट लागत नव्हतं ही न्यायालयाची चूक, मैत्रेयीची नव्हे.

"आईच्या दारात प्रवेश करताना मुलगी अतिशय शांत असते. ठोके मिनिटाला अठ्ठ्याहत्तरच्या आसपास," मगदूम सर म्हणाले. "वडिलांच्या दारात एकशे वीसच्या वर. जवळजवळ दर वेळी. चौतीसपैकी एकतीस वेळा यंत्राने 'तीव्र ताण' अशी खूण केलीय."

"म्हणजे?" बाबांचा आवाज.

"म्हणजे मी काही म्हणत नाही. अहवाल म्हणतोय."

आईच्या वकिलांनी आठवडाभरात अर्ज केला. कायमचा ताबा आईकडे आणि वडिलांना महिन्यातून दोन रविवार, दोन-दोन तास, न्यायालयाच्या बालकक्षात, देखरेखीखाली भेट. बालकक्षात प्लॅस्टिकची घसरगुंडी होती आणि भिंतीवर रंग उडालेला हत्ती. मैत्रेयीने तो कक्ष पाहिला होता. तिथे सतार लावता येणार नव्हती की चहा पिता येणार नव्हता.

पुढच्या शुक्रवारी ती मिरजेच्या दारात उभी राहिली, तेव्हा बाबा धावत आले नाहीत. ते आतल्या भिंतीला टेकून, हात मागे बांधून उभे होते. भोपळे फळीवर ओळीने लावलेले, भुसा झाडून काढलेला, अंगात इस्त्रीचा सदरा. घरात पाहुणे यायचे असावेत असं तिला वाटलं. दिवा हिरवा झाला.

"या," बाबा हळूच म्हणाले.

'या' म्हणाले! मैतूला 'या'! तिने बूट काढून नीट ओळीत ठेवले, कारण त्या घरात दुसरं काही करणं तिला सुचेना. बाबांनी चहाऐवजी दूध पुढे केलं. बराच वेळ दोघांनी एकमेकांशी अनोळखी माणसांसारखा शहाणपणा केला. मग बाबा खाली बसले आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "मैतू, खरं सांग. तुला माझं भ्या वाटतं व्हय गं? मी लई वरडतो का?"

"नाही बाबा!"

"मग छाती का उडती? यंत्राला काय माझं वैर हाय?"

मैत्रेयीने दुधाचा पेला तोंडाला लावला. उत्तर तिला माहीत होतं.

उत्तर असं होतं. मिरजेच्या दारात तिची छाती उडायची ती आनंदानं. गल्लीच्या तोंडापासून ती पळत यायची, आत आज काय चाललं असेल याच्या उत्सुकतेनं. आणि सांगलीच्या दारात ती शांत असायची, कारण ती तशी होऊन यायची. रविवारी लिफ्टमधून ती तिसऱ्या मजल्यावरच उतरायची. जिन्याच्या वळणावर दप्तर खाली ठेवून डोळे मिटायची आणि खालचा सा लावायची. ओठ मिटून, लांबलचक, श्वास संपेपर्यंत. सतारीची तार लावताना आधी स्वतःचा श्वास लावायचा, हे बाबांनीच शिकवलेलं. मिनिटाला पाच-सहा श्वास. असे दहा-बारा झाले की दोन दिवसांची सगळी मजा पोटात खोल जाऊन बसायची. मग ती एक मजला चढून वर जायची. पट्टी यायच्या आधीपासून ती हे करत होती. यंत्राला फसवायचं तिच्या मनातही नव्हतं. इतका संथ श्वास घेतला की हृदयाचे ठोके मंदावतात आणि यंत्राला ते निवांतपणाचं लक्षण वाटतं, हे तिला कुठून ठाऊक असणार!

तिला तेवढं आईला सांभाळायचं होतं. मिरजेहून हसत आलं की आई विचारायची, "एवढी काय मजा केलीत?" आणि उत्तर ऐकता ऐकता भांडी जोरात ठेवू लागायची. तिला वाईट वाटतंय हे मैत्रेयीला कळायचं. म्हणून ती हसू जिन्यातच ठेवून यायची.

आता हे सांगायचं कुणाला? सांगितलं तर बाबा सुटतील, पण आई अडकेल. आईच्या दारातली शांती खोटी, मग ताबा बाबांकडे द्या, असं कुणी म्हणालं तर? न सांगितलं तर बाबा महिन्यातून चार तासांचे होतील, रंग उडालेल्या हत्तीसमोर. इकडे आड, तिकडे विहीर. तिला दोघंही हवे होते, सबंध. पण असा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता.

सुनावणीच्या दिवशी न्यायाधीशांनी मैत्रेयीला एकटीला त्यांच्या खोलीत बोलावलं. अशा खटल्यात न्यायाधीश मुलाशी स्वतः बोलतात. मूल म्हणेल तसंच करायचं असं बंधन नसतं, पण त्याचं हित सगळ्यांच्या वर धरायचं असतं, आणि हित कळायला आधी ऐकावं लागतं. न्यायाधीश तांबोळी बाई साठीच्या उंबरठ्यावरच्या, काळा कोट खुर्चीच्या पाठीला अडकवून बसलेल्या. टेबलावर खारे शेंगदाणे होते. त्यांनी वाटी पुढे सरकवली.

"तुला कुणाकडे राहायचंय, असं मी विचारणार नाही," त्या म्हणाल्या. "तो वाईट प्रश्न आहे. तुला काही सांगायचंय का?"

मैत्रेयीने चार शेंगदाणे खाल्ले. मग म्हणाली, "मी सांगितलं तर आईला शिक्षा होईल?"

"खरं सांगितल्याबद्दल या खोलीत कुणाला शिक्षा होत नाही. आणि तुझ्या बोलण्यातलं बाहेर किती सांगायचं, ते आपण दोघी ठरवू."

मग तिने सांगितलं. गल्ली, धावत येणं, भिंतीला टेकलेले बाबा, तिसरा मजला, खालचा सा, सगळं. बाई मध्ये एकदाच बोलल्या. "लावून दाखव."

मैत्रेयीने डोळे मिटून सा लावला. तो आवाज खोलीत बराच वेळ राहिला. बाईंनी मग मगदूम सरांना आत बोलावलं.

"मगदूम, आनंदाने वाढलेले ठोके आणि भीतीने वाढलेले ठोके यंत्राला वेगळे कळतात का?"

"नाही बाई," मगदूम सर मोकळेपणाने म्हणाले. "हृदयाला वेग चढला एवढंच कळतं. कशानं चढला, ते कळत नाही. आणि दम लागला असेल तर तोही त्यात येतो."

"मग हे अहवालात का नाही?"

"तळटीप आहे. अकराव्या पानावर."

"अकराव्या पानावर! बाप भिंतीला टेकून उभा राहिला पहिल्या पानामुळे." बाईंनी चष्मा काढला. "घराबाहेर पडतानाच्या नोंदी कुठायत?"

"त्या गणितात धरत नाहीत. निघताना मूल वाकतं, बूट घालतं, हलतं. ठोके नीट मिळत नाहीत."

"आणि श्वास?"

मगदूम सर थबकले. "श्वासाची हालचाल मोठी असते. तो मिळायला हवा. कच्ची नोंद आहे माझ्याकडे. पण आजवर कुणी उघडून पाहिली नाही."

"उघडा."

तिथेच, शेंगदाण्यांच्या वाटीशेजारी, त्यांनी संगणक ठेवला. चौतीस शुक्रवार आईच्या दारातून बाहेर, चौतीस रविवार बाबांच्या दारातून बाहेर. ठोक्यांची रेघ खरोखरच खिचडी झालेली. श्वासाची रेघ मात्र स्वच्छ होती, वर-खाली, वर-खाली, आणि मग एका ठिकाणी सपाट.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"श्वास थांबलाय." सरांनी पुढचा शुक्रवार उघडला. तिथेही सपाट. पुढचा, त्याच्या पुढचा. मग रविवार. ते एकामागून एक उघडत राहिले. शेवटी त्यांनी सरासरी काढली. "आईचं घर सोडताना ही सात सेकंद श्वास रोखते. वडिलांचं घर सोडतानाही सात."

"मला माहीत नव्हतं," मैत्रेयी म्हणाली. आणि ती रडली. आठ महिन्यांत पहिल्यांदा, दोन्ही घरांच्या बाहेर, एका परक्या खोलीत, पोटभर. बाईंनी तिला थांबवलं नाही. मगदूम सरांनी पाणी आणलं आणि स्वतःच अर्धं प्यायले.

"दोघांना हा सात सेकंदांचा आकडा सांगू?" बाईंनी नंतर विचारलं.

"सांगा. आणि जिन्याचं आईला मी सांगेन."

आई-बाबांना आत बोलावून बाईंनी दोन्ही रेघा एकाखाली एक दाखवल्या. भाषण दिलं नाही. एवढंच म्हणाल्या, "येताना ठोके किती ते यंत्राने मोजलं; आनंदाने की भीतीने, ते त्याला कळत नाही. जाताना तिला काय होतं ते ही रेघ सांगते. मला यात एकही दार उणं दिसत नाही. तुम्हाला दिसत असेल तर मी ऐकते."

आईने रेघेवर बोट ठेवलं, जिथे ती सपाट होती तिथे, आणि प्रयोगशाळेत मोजतात तसे सेकंद मनात मोजले. मग आपल्या वकिलांकडे वळून म्हणाली, "अर्ज मागे घ्या."

पुढचं काम मगदूम सरांचं होतं आणि ते त्यांना यंत्रापेक्षा बरं जमायचं. त्यांनी दोघांना तीन बैठका बसवून संमतीच्या अटी लिहून घेतल्या. पट्ट्या काढायच्या. दिवस आधीचेच, फक्त रविवारची संध्याकाळ जाऊन सोमवारची सकाळ आली. आणि मुख्य म्हणजे मूल एका घराच्या दारातून थेट दुसऱ्या घराच्या दारात पाठवायचं नाही. मधे शाळा ठेवायची. शुक्रवारी सकाळी आईने शाळेत सोडायचं, दुपारी बाबांनी घ्यायचं. सोमवारी बाबांनी सोडायचं, आईने घ्यायचं. म्हणजे मूल कुणाला सोडून जात नाही, शाळेला जातं. जगातली सगळी मुलं कुरकुरत शाळेला जातात, त्यात वेगळं काही नाही. युक्ती जुनीच आहे, सर म्हणाले, यंत्राच्या नादात आम्हीच विसरलो. शेवटी त्यांनी एक अट आपल्या पदरची घातली, की गणिताचं पुस्तक दोन प्रतींत घ्यावं. दोघांनी सह्या केल्या. न्यायाधीशांनी त्यावरच आदेश दिला.

जिन्याचं सांगायला मैत्रेयीला आणखी चार दिवस लागले. आई पोळ्या लाटत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, लाटणं थांबवलं नाही, पण पोळी फार पातळ होऊन फाटली.

"मी विचारते तेव्हा हसू लपवावंसं वाटतं तुला?"

"तुला वाईट वाटतं ना, म्हणून."

आईने फाटलेल्या पोळीचा पुन्हा गोळा केला. "मोठ्यांचं वाईट वाटणं मोठ्यांनी बघायचं असतं," ती म्हणाली. "तू कशाला ते घेऊन जिने चढतेस?" मग तिने डोळे पुसले, पिठाच्या हातानेच.

पहिल्या सोमवारी दुपारी शाळेच्या फाटकाशी आई स्कूटर घेऊन उभी होती. मैत्रेयीच्या बुटांवर भुसा होता, केस सुटलेले. घरी आल्यावर ती स्वयंपाकघराच्या ओट्यावर चढून बसली आणि घाबरत घाबरत, एक डोळा आईच्या हातांवर ठेवून, बोलू लागली.

"काल ना, बाबांनी भोपळे गच्चीवर वाळत टाकले होते, तर माकड आलं. सगळ्यांत मोठा उचलला, बघ. बाबा शिडीवर चढले, तर लुंगी अडकली खिळ्यात. वर माकड, खाली लुंगी, मधे बाबा!"

आई हसली. मनापासून, मान मागे टाकून हसली, आणि हसता हसता एकदम थांबली. तिच्या हातात पातेलं होतं. मैत्रेयीने ते पाहिलं आणि तिचा आवाज आपोआप खाली आला. "तेवढंच झालं. फार काही नाही."

आईने पातेलं ओट्यावर ठेवलं, आवाज न करता, आणि तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"मला हेवा वाटतोय गं," ती म्हणाली. "खूप वाटतोय. वाटू दे. तू थांबू नकोस. माकडाने भोपळ्याचं काय केलं?"